नळीतल्या बोल्टची पहिली आवळणी

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक आणि मुंबई-आग्रा महामार्ग या दोहोंचे सान्निध्य लाभल्यामुळे शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्यास औद्योगिक वसाहत वसली. तिच्या आश्रयाने व महामार्गाच्या कडेने जी लहानमोठी दुरुस्तीची दुकाने आहेत, त्यांतून शेतीची अवजारे, ट्रॉल्या आणि यंत्रांच्या चौकटी जोडण्याचे काम चालते. अशा कामांत एक जोडणी पुनःपुन्हा आढळते. दोन जाड पट्ट्यांमध्ये ठरावीक अंतर राखावयाचे असते, म्हणून त्यांच्यामध्ये लोखंडी नळी बसवितात, नळीच्या पोकळीतून लांब बोल्ट आरपार घालतात आणि पलीकडे वॉशर व नट चढवून तो आवळतात. कारागीर हिला नुसते ‘पाइप-बोल्ट’ म्हणून मोकळा होतो. परंतु नट किती आवळावा, आणि तो आवळल्याने बोल्टवर किती व नळीवर किती प्रतिबल येते, हा प्रश्न विचारला असता बहुधा ‘हाताला लागेल इतका’ असे उत्तर मिळते. हे उत्तर ज्याच्या हाताने दिले त्याच्या हातापुरतेच खरे असते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा हिशेब एका ठरावीक जोडणीवर करून दाखवावयाचा आहे, म्हणजे तीच रीत वाचकास आपल्या कामाची मापे घालून वापरता येईल.

जोडणी अशी समजावी. बोल्ट पोलादाचा, २० मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर पिचचा. नळीही पोलादाची, बाहेरून ३६ व आतून २४ मिलिमीटर व्यासाची. आणि बोल्टचे डोके व नट यांच्यामधील लांबी ५०० मिलिमीटर. आतला व्यास २४ असल्याने बोल्टच्या भोवती चहूबाजूंनी दोन-दोन मिलिमीटर मोकळीक राहते; बोल्ट व नळी एकमेकांस चिकटत नाहीत, दोघांची गाठ पडते ती फक्त दोन्ही टोकांशी. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी सारा हिशेब तिच्यावर उभा आहे. टोकांखेरीज कोठेही स्पर्श नसल्यामुळे बोल्टातील ओढ आणि नळीतील दाब ही दोन्ही बळे आकाराने तंतोतंत सारखीच असली पाहिजेत. बोल्ट नळीला जितक्या जोराने दाबतो तितक्याच जोराने नळी बोल्टला ताणते. बाहेरून कोणी ओढणारे नसताना याहून निराळे काही घडणे शक्य नाही.

आता नट आवळण्याचा अर्थ पाहू. नट एक पूर्ण फेरा फिरला म्हणजे तो बोल्टवरून २.५ मिलिमीटर पुढे सरकतो, पाव फेरा फिरला म्हणजे ०.६२५ मिलिमीटर. नट नळीच्या टोकाशी नीट टेकलेला असताना त्याने आणखी पाव फेरा घेतला, तर ०.६२५ मिलिमीटर जागा कोठून तरी निघाली पाहिजे. ती दोन ठिकाणांहून निघते: थोडा बोल्ट लांबतो, थोडी नळी आखूड होते, आणि या दोहोंची बेरीज बरोबर ०.६२५ भरते. बळ दोघांत सारखे आणि हालचालींची बेरीज नटाच्या सरकण्याइतकी, या दोन अटी एकत्र मांडल्या की प्रश्न सुटतो. तिसऱ्या अटीची जरुरी नाही.

पदार्थ किती ताणला जातो हे रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाने ठरते: स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत लांबीतील वाढ बळाच्या प्रमाणात असते. पोलादाच्या बाबतीत दर चौरस मिलिमीटरला २,००,००० न्यूटन हा गुणांक धरावा. ५०० मिलिमीटर लांबीस त्याने भागले म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन प्रतिबल आले असता ही लांबी ०.००२५ मिलिमीटरने बदलते असे निघते. बोल्टचा छेद ३१४ चौरस मिलिमीटर आहे. नळीचा छेद म्हणजे बाहेरच्या वर्तुळातून आतले वर्तुळ वजा केल्यावर जी कडी उरते ती, ५६५ चौरस मिलिमीटर. अर्थात समान बळाखाली बोल्ट अधिक लांबणार आणि नळी कमी दबणार, कारण नळीचा छेद जाड आहे.

आकडे घालून पाहता पाव फेऱ्याने निर्माण होणारे बळ सुमारे ५०,५०० न्यूटन निघते, म्हणजे पाच टन वजन टांगल्याइतके. त्यास ३१४ ने भागता बोल्टमधील ओढीचे प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला १६१ न्यूटन, आणि ५६५ ने भागता नळीतील दाबाचे प्रतिबल ८९ न्यूटन येते. या दोन्ही आकड्यांस ०.००२५ ने गुणले की बोल्टची वाढ ०.४० मिलिमीटर आणि नळीची घट ०.२२ मिलिमीटर मिळते. बेरीज ०.६२ च्या घरात आली की हिशेब जुळला असे समजावे. ही पडताळणी प्रत्येक वेळी करावी, कारण छेद काढताना आतला व्यास वजा करण्याचे विसरणे ही चूक फार सहज होते आणि ती या बेरजेत लगेच उघडी पडते.

परंतु १६१ या आकड्यावर समाधान मानता येत नाही. बोल्टच्या दांड्याचा छेद ३१४ असला तरी जेथे आटे पाडलेले आहेत तेथे धातू कमी उरलेला असतो. २० मिलिमीटरच्या प्रमाणित जाड्या आट्यांसाठी हिशेबात धरावयाचा छेद २४५ चौरस मिलिमीटर आहे. तेच ५०,५०० न्यूटन या लहान छेदातून जातात, म्हणून आट्यांच्या जागी प्रतिबल २०६ पर्यंत चढते. बोल्ट तुटतो तो बहुधा येथेच, नटाच्या पहिल्या एक-दोन आट्यांपाशी, आणि म्हणून बोल्टची पारख याच आकड्याने करावी. बाजारात मिळणारा साधा, ४.६ प्रतीचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला २४० न्यूटनला कायमचा ताणला जाऊ लागतो आणि त्याची हमी २२५ पर्यंतचीच असते. २०६ म्हणजे त्या हद्दीच्या अगदी उंबरठ्यावर. याउलट डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला बोल्ट याच मापात ६०० पर्यंत निर्धास्त चालतो. त्यास अर्धा फेरा दिला तरी ४१२ वरच थांबेल, आणि ५०० मिलिमीटरच्या या जोडणीत तेवढे आवळण्यास हरकत नाही. दोन बोल्ट दिसावयास अगदी सारखे, एकावर आकडा आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्या तफावतीमुळे एकाच पाव-अर्ध्या फेऱ्याचे परिणाम इतके निराळे होतात. सबब बोल्ट हाती घेताच प्रथम डोके पाहावे.

येथवर सर्व विवेचन ‘नट नीट टेकलेला असताना’ या शब्दांवर चालले आहे, आणि प्रत्यक्षात बिघाड होतो तो नेमका याच शब्दांच्या पूर्तीत. नळी करवतीने किंवा गॅसने कापलेली असेल तर तिचे टोक काटकोनात नसते. एका बाजूस अर्धा मिलिमीटर उंचवटा राहिला तरी पाव फेऱ्याच्या ०.६२५ मिलिमीटरपैकी बहुतेक हालचाल तो उंचवटा दाबण्यात व बोल्ट वाकविण्यात खर्च होते. पाना हाताला जड लागतो, कारागीर समाधान पावतो, आणि बोल्टमध्ये अपेक्षित ओढ मात्र अर्धीही भरत नाही. वर बोल्ट एका अंगास वाकल्याने त्या अंगाचे आटे जास्त ताणले जातात. म्हणून नळीची दोन्ही टोके लेथवर साफ करून काटकोनात आणणे हा या कामाचा पहिला भाग आहे आणि तो टाळून पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ उरत नाही.

दुसरी काळजी वॉशरची. २० मिलिमीटरच्या नटाची समोरासमोरची रुंदी ३० मिलिमीटर असते, आणि नळीचे भोक २४ मिलिमीटरचे. म्हणजे नट नळीवर थेट बसविला तर तीन मिलिमीटर रुंदीच्या अरुंद कडीवरच टेकतो. पाच टनांचे बळ त्या कडीवर आले की तेथे दाब दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटनच्या आसपास जातो, आणि साध्या पोलादी नळीची धार तेथे दबू लागण्याची भीती असते. धार दबली की नटाने कमावलेले अंतर त्या दबण्यात जाते आणि बोल्ट पुन्हा सैल पडतो. आठ मिलिमीटर जाडीचा, नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका वॉशर दोन्ही टोकांना घातला म्हणजे बळ नळीच्या साऱ्या छेदावर पसरते. पातळ पत्र्याचा वॉशर येथे निरुपयोगी, तो बशीसारखा वाकतो.

टोके साफ, वॉशर जाड, इतकी तजवीज झाली की आवळण्याची रीत साधी आहे. नट प्रथम हाताने फिरवत टेकेपर्यंत आणावा. मग आखूड पान्याने, एका हाताच्या साध्या जोराने, सारे थर एकमेकांना भिडेपर्यंत आवळावा. पाना हलका फिरत होता तो एकदम जड झाला की थर भिडले असे समजावे. येथे एकदा नट सैल करून पुन्हा तितकाच आवळणे चांगले, त्याने बारीकसारीक खरखर बसून जाते. आता खडूने नटाच्या एका कोनावर खूण करावी व तिच्यासमोर वॉशरवर दुसरी खूण ओढावी. बोल्टचे डोके दुसऱ्या पान्याने घट्ट धरून, कारण डोकेही फिरले तर हिशेबच राहत नाही, नट षट्कोनाच्या दीड बाजूइतका, म्हणजे ९० अंश, फिरवावा. वॉशर नटाबरोबर फिरत नाही ना यावर नजर ठेवावी. तो फिरला तर खुणांमधले अंतर खोटे ठरते. याखातर वॉशरला नळीशी जुळणारी तिसरी खूण करून ठेवणारे कारागीर असतात, आणि ती सवय फार चांगली आहे.

फिरकीच्या अंशांवरून आवळण्याऐवजी पान्याच्या जोरावरून आवळण्याचा प्रघात अधिक आहे. ५०,५०० न्यूटन ओढ आणण्यास सुक्या आट्यांवर सुमारे २०० न्यूटन-मीटर आवळ लागते. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला चाळीस किलो भार दिल्यासारखे. पण या २०० पैकी जवळपास नऊ-दशांश भाग नटाच्या तळाच्या व आट्यांच्या घर्षणातच संपतो, बोल्ट ताणण्यास उरतो तो फक्त दशांश. घर्षण थोडे बदलले की तो दशांश फार बदलतो. गंजलेल्या आट्यांवर तेच २०० लावले तर बोल्टमध्ये निम्मीही ओढ येत नाही असे होऊ शकते. उलट आट्यांना ग्रीस चोपडून, पूर्वीच्याच आकड्यावर पाना थांबविला, तर ओढ ६७,००० न्यूटनपर्यंत जाते आणि आट्यांच्या जागी प्रतिबल २७५ होते. ४.६ प्रतीचा बोल्ट येथे आपली हद्द ओलांडून गेला. फिरकीच्या रीतीस घर्षणाशी फारसे कर्तव्य नाही, ती केवळ भूमितीवर चालते; म्हणून लांब बोल्टाच्या बाबतीत माझा कौल तिच्याच बाजूने आहे. ग्रीस लावणे योग्यच आहे, पण ते लावून मग अंशांनी आवळावे.

‘लांब बोल्टाच्या बाबतीत’ ही मर्यादा मात्र मनापासून पाळावी लागते. वरच्याच जाडीचा बोल्ट व नळी घेऊन लांबी ५०० ऐवजी ५० मिलिमीटर करा. पाव फेऱ्याची हालचाल तीच ०.६२५, पण ती आता दहापट आखूड धातूला सोसावी लागते. हिशेबाने प्रतिबल दहापट, म्हणजे कोणत्याही साध्या बोल्टाच्या हद्दीपलीकडचे येते. प्रत्यक्षात बोल्ट तितका ताण घेत नाही. तो त्याआधीच चिवट चिकणमातीसारखा ओढला जाऊन आट्यांपाशी बारीक होतो. आखूड जोडणीस ९० अंशांचा नियम लावणारा माणूस बोल्ट तोडतो आणि दोष बोल्टाच्या धातूस देतो. आखूड बोल्टास अंश नव्हे, पान्याचा जोर हीच वापरण्याजोगी मोजणी.

आखूड जोडणीचा आणखी एक दोष जोडणी चालू झाल्यानंतर कळतो. यंत्राच्या थरथरीने रंगाचा थर, खरखर व बारीक उंचवटे पुढे दबत जातात; समजा त्यामुळे एकंदर ०.०२ मिलिमीटर जागा सुटली. ५०० मिलिमीटरच्या जोडणीत ०.०२ मिलिमीटर म्हणजे सुमारे १,६०० न्यूटनची घट, पन्नास हजारांतून तीन टक्के, ती जाणवतही नाही. ५० मिलिमीटरच्या जोडणीत तितक्याच पन्नास हजारांतून तोच ०.०२ मिलिमीटर १६,००० न्यूटन उडवून देतो, जवळजवळ एक-तृतीयांश. नळी मुद्दाम लांब ठेवून तिच्यातून लांब बोल्ट घालण्याचा जो रिवाज कित्येक यंत्रांत दिसतो, त्याचे हे एक कारण आहे. लांब बोल्टला ताणून राहण्यास जागा असते, म्हणून थोडीबहुत ढिलाई तो पचवतो.

नळी पितळेची असेल तर दोन गोष्टी बदलतात. पितळ पोलादाच्या निम्मे ताठ असल्याने त्याच मापांच्या नळीत पाव फेऱ्याने बळ ३७,००० न्यूटनच येते. बोल्टमध्ये ११८, नळीत ६६, आट्यांच्या जागी १५२. म्हणजे ओढ घटली आणि नळीचे आखडणे वाढले. दुसरी गोष्ट उष्णतेची. पोलादी नळी व पोलादी बोल्ट उन्हात सारखेच वाढतात, त्यांच्यात भांडण होत नाही. पितळ मात्र पोलादापेक्षा दर अंशाला लांबीच्या सात दशलक्षांशाने जास्त वाढते. धुळ्याकडे पौषातल्या पहाटे बारा अंशांवर आवळलेली जोडणी वैशाखाच्या दुपारी बेचाळीस अंशांवर आली, तर या तीस अंशांत पितळेची नळी बोल्टपेक्षा ०.१ मिलिमीटरने जास्त वाढू पाहते. बोल्ट तिला अडवतो आणि त्या अडवण्यातून ओढ आणखी ६,२०० न्यूटनने वाढते. आट्यांतील प्रतिबल १५२ वरून १७७ वर जाते. हिवाळ्यात आवळलेल्या पितळी जोडणीस म्हणून थोडी गुंजाईश ठेवावी. वैशाखात आवळलेली असेल तर हिवाळ्यात ती तितकीच सैल होणार हे गृहीत धरून मार्गशीर्षात एकदा नट तपासावा.

आता बाहेरून भार येतो तेव्हा काय होते ते पाहिले पाहिजे, कारण पहिल्या आवळणीचे सारे प्रयोजन तेथे आहे. पोलादी नळीच्या मूळच्या जोडणीत दोन्ही टोकांच्या पट्ट्या परस्परांपासून दूर ओढणारे २०,००० न्यूटन बळ आले असे धरू. सहज वाटते की बोल्टातील ओढ ५०,५०० अधिक २०,००० झाली असेल. तसे होत नाही. बोल्ट किंचित लांबतो, त्याबरोबर दबलेली नळीही तितकीच मोकळी होते, आणि बाहेरचा भार दोघांत त्यांच्या ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो. बोल्ट ३१४, नळी ५६५, एकूण ८७९; बोल्टच्या वाट्याला सुमारे ७,१०० न्यूटन येतात, उरलेले १२,९०० नळीतील दाबातून वजा होतात. बोल्ट आता ५७,६०० वर, नळी ३७,६०० वर. भार येत-जात राहिला तरी बोल्टला सोसावे लागणारे चढउतार केवळ सात हजारांचे असतात, आणि बोल्ट वारंवार ताणाने थकून तुटण्याचे भय तेवढ्याने कमी होते.

ही सवलत नळी दबलेली आहे तोवरच टिकते. बाहेरचा भार ७८,५०० न्यूटनवर पोचला की नळीतील दाब शून्य होतो, तिचे टोक वॉशरवरून सुटते, आणि त्यापुढचा प्रत्येक न्यूटन एकट्या बोल्टला वाहावा लागतो. आवळणी निम्मीच झाली असेल तर हा प्रसंग ३९,००० वरच ओढवतो. तसे झाल्याची ओळख नळीच्या टोकाशी सापडते: वॉशर व नळी यांच्या सांध्यातून तांबूस भुकटी निघालेली असते, नळीची धार चकचकीत घासलेली दिसते, आणि हातोडीने नळीवर हलके टिचकी मारली असता घट्ट जोडणीचा स्वच्छ आवाज न येता खरखरता येतो. ही चिन्हे दिसली की नुसता नट आणखी फिरवून भागत नाही. जोडणी उघडून बोल्टची लांबी वर्निअरने मोजावी व नव्या बोल्टाशी ताडून पाहावी. ०.४० मिलिमीटर वाढ आवळलेली असतानाची आहे. नट सैल केल्यावर ती पूर्ण परत गेली पाहिजे. दोन-तीन दशांश मिलिमीटर वाढ मागे राहिली असेल, किंवा नवा नट त्या आट्यांवर हाताने फिरता फिरता एका ठिकाणी अडत असेल, तर तेथे पिच ताणले गेले आहे आणि तो बोल्ट पुन्हा घालू नये.